त्रिगुण आणि आहार

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज आणि तम हे प्रकृतीचे तीन गुण सांगितले आहेत. प्रत्येक मनुष्यात हे तिन्ही असतात. त्यांपैकी एक इतर दोघांना दाबून वर येतो, म्हणूनच एकाच दिवसात वृत्ती पालटते. बुद्धी प्रसन्न व स्पष्ट असते तेव्हा सत्त्व वाढलेले असते. लोभ, धडपड आणि अस्वस्थता ही रजाची लक्षणे होत. आळस, विसर आणि चुकांकडे दुर्लक्ष यांवरून तम ओळखावा.

सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार येतात. तेथे कांदा, लसूण अशा पदार्थांची यादी नाही. कोणत्या वृत्तीच्या माणसाला काय आवडते, हे सांगितले आहे. सात्त्विकास रसाळ, स्निग्ध, शरीरास टिकाऊ बळ देणारे व मनास रुचणारे अन्न प्रिय असते. राजसास अति आंबट, अति खारट, अति तिखट व दाहक अन्न हवे असते. येथे 'अति' हा शब्द प्रत्येक चवीस लावावा, असे श्रीशंकराचार्य आपल्या भाष्यात सांगतात. दोष तिखटाचा नसून अतिरेकाचा आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. रात्री गरम भाकरी, पिठले आणि चवीपुरता ठेचा असे भोजन झाले. भुकेइतके जेवल्याने अंग हलके राहिले व पहाटे सहज जाग आली. हे सत्त्वास पोषक झाले. दुसऱ्या दिवशी त्याच ताटात ठेचा वाढत गेला, जिभेच्या ओढीने दोन भाकऱ्या अधिक खाल्ल्या गेल्या. रात्रभर जळजळ, तहान आणि चिडचिड झाली; हे राजस आहाराचे फळ होय. उरलेले पिठले सकाळी आंबूस वास येत असतानाही आळसामुळे तसेच खाल्ले, तर तो तामस आहार झाला. रात्र उलटलेले, रस गेलेले व दुर्गंधी आलेले अन्न गीतेने तामस प्रकारात धरले आहे. पदार्थ तेच राहिले. प्रमाण, वेळ आणि खाणाऱ्याची वृत्ती मात्र बदलली.

यावरून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याचा गुण ठरवू नये. भोजनानंतर दोन-तीन तासांनी आपले मन पाहावे. ते स्वस्थ आहे, अधिक मागत आहे की सुस्तावले आहे, हीच खरी खूण होय. मात्र मन सदैव उदास राहत असेल किंवा जळजळ थांबत नसेल, तर केवळ गुणांवर बोट न ठेवता वैद्यांना दाखवावे.

सत्त्व हेही शेवटी बंधनच आहे, असे गीता सांगते. ते सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीने बांधते. आपला आहार शुद्ध म्हणून इतरांस हीन लेखू लागलेल्या साधकास हे बंधन जडले, असे समजावे.