शोक्कान म्हणजे जेवताना नव्हे

माझ्या मैत्रिणीची लेक तोक्योच्या निशिकासाई भागात राहते. तिथे आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे आहेत. तिच्याकडे राहणाऱ्या सासऱ्यांना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून दवाखान्यात ठेवले होते. घरी सोडताना मिळालेले कागद सगळे जपानीत. जावईबापूंनी शब्दकोश घेऊन ते मराठीत उतरवले, आणि लेकीने मला फोनवर वाचून दाखवले.

पोटाच्या पुडीपुढे 'शोक्कान' लिहिले होते. त्यांनी त्याचे 'जेवणामध्ये' केले, आणि सासूबाई दोन घासांमध्ये पूड देऊ लागल्या. शोक्कान म्हणजे दोन जेवणांच्या मधली वेळ, जेवून साधारण दोन तासांनी. मी म्हटले, 'जेवण' शब्दच काढ, घड्याळ लिही: सकाळी १०, दुपारी ३, रात्री १०.

त्याच ओळीत '३ पुड्या, बुन-सान' होते. त्याचे 'तीन पुड्या तीन वेळा' झाले, म्हणजे दिवसाला नऊ! जपानी कागदावर पुष्कळदा दिवसभराचा एकूण आकडा आधी लिहितात आणि मग त्याचे भाग सांगतात. दिवसाच्या तीन पुड्या, तीन भागांत, म्हणजे वेळेला एकच. ताळा सोपा आहे. सात दिवसांचे औषध असून पिशवीत २१ पुड्या निघाल्या, तर वेळेला एकच पूड.

खरी काळजी वॉरफरिनची. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी. कागदावर 'नात्तो खाऊ नये' असे होते. नात्तो म्हणजे आंबवलेले चिकट सोयाबीन. त्यात के जीवनसत्त्व फार, त्याने गोळीचा जोर जातो आणि तो परिणाम काही दिवस राहतो. म्हणून चमचाभरही नको. सासूबाईंनी त्यासोबत मेथी-पालकही बंद केले होते. ते साधारणपणे बंद करायचे नसते. रोजच्याइतकेच खावे, एका दिवशी ढीगभर नको. गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत.

'रक्तस्रावाची लक्षणे दिसल्यास' हे वाक्य मात्र मी सबंध बदलायला लावले. सासूबाईंना रक्तस्राव म्हणजे धार वाहणे वाटे. आता फ्रिजवर असे लिहिले आहे: शौचास डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, हिरड्यांचे रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन. डोक्याला मार लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात लुळा पडला, तर ११९ ला फोन करून 'क्यूक्यू' म्हणायचे, म्हणजे रुग्णवाहिका येते.

शेवटी लेक 'ओकुसुरी तेचो', म्हणजे औषधांची वही, घेऊन औषधाच्या दुकानी गेली. आपला मराठी तक्ता तिने तिथल्या फार्मासिस्टबाईंना जपानीत बोलून दाखवला. पुडीची चूक तिथेही लगेच पकडली गेली असती. रात्रीची वेळ तेवढी त्यांनी १० ऐवजी ९ केली, कारण आजोबा साडेनऊलाच झोपतात.