इमाम गझालींचा एक युक्तिवाद : ओळीओळीने वाचन



काही महिन्यांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातील एक महाविद्यालयीन मुलगा बैठक संपल्यावर मागे थांबला. वसतिगृहातील मित्रांशी त्याचा वाद झाला होता. मित्राने विचारले होते, “प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून विश्वालाही कारण आहे, असे तुम्ही म्हणता. मग अल्लाहचे कारण कोण?” मुलगा निरुत्तर झाला होता, आणि आपल्या निरुत्तर होण्याची त्याला लाज वाटत होती. मी त्याला उत्तर दिले नाही. “प्रत्येक गोष्टीला कारण असते, असे आपल्यापैकी नेमके कोण म्हणाले?” एवढेच विचारले आणि इमाम गझाली (रह.) यांच्या ‘अल्-इक्तिसाद फिल्-एतिकाद’ या ग्रंथातील मूळ उतारा त्याच्यापुढे ठेवला. हा उतारा क्रमवार विधानांत मांडून आणण्याचे काम त्याला दिले. ते काम कसे करावयाचे आणि त्यात माणूस कोठे अडखळतो, हे या लेखात पाहावयाचे आहे.

इमाम गझालींचा काळ हिजरी ४५० ते ५०५, म्हणजे इ.स. १०५८ ते ११११. बगदादच्या निजामिया मदरशात ते अध्यापन करीत. या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी सांगून ठेवले आहे की, दोन आधार, त्यांच्या भाषेत दोन ‘अस्ल’, एकत्र आले की त्यांतून तिसरे विधान अटळपणे निघते. आज तर्कशास्त्राचे विद्यार्थी युक्तिवादाचे जे प्रमाण रूप लिहितात, ते हेच आहे. आधारविधाने वर क्रमांक घालून लिहावयाची, निष्कर्ष खाली लिहावयाचा, आणि तो कोणत्या ओळींवरून निघाला ते शेजारी नोंदवावयाचे.

कामाला सुरुवात मात्र शेवटापासून करावी. उतारा वाचताना प्रथम एकच प्रश्न विचारावा : लेखकाला मला काय पटवून द्यावयाचे आहे? ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘यावरून सिद्ध होते’ या शब्दांच्या मागे निष्कर्ष असतो. ‘कारण’, ‘ज्याअर्थी’ यांच्या मागे आधार असतो. निष्कर्ष हाती आला की त्याला पेलणारी विधाने शोधावीत. दृष्टान्त, शब्दांच्या व्याख्या, प्रतिपक्षाचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे तूर्त बाजूला ठेवावीत. तत्त्वज्ञानाच्या पानावर अनेकदा अर्ध्याहून अधिक मजकूर याच प्रकारचा असतो.

आपल्या मुलाने पहिल्या दिवशी आणलेली मांडणी अशी होती :

१. प्रत्येक गोष्टीला कारण असते.
२. विश्व ही एक गोष्ट आहे.
३. म्हणून अल्लाह आहे.

तीनच ओळी, आणि तिन्ही सदोष. तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींतून निघतच नाही, कारण ‘अल्लाह’ हा शब्द वर कोठेही आलेला नाही. जे पद निष्कर्षात अकस्मात उगवते, ते लेखकाच्या पानावरून आलेले नसून वाचकाच्या मनातून आलेले असते. आपल्याला आधीपासून जे मान्य आहे, त्याच्या बाबतीत ही चूक सर्वांत सहज घडते, म्हणून श्रद्धावान वाचकाने येथे अधिक जागरूक असावे. पहिली ओळ तर मित्राच्या तोंडची होती; उताऱ्यात ती नाहीच.

मूळ अरबीत शब्द आहे ‘हादिस’. (हा ‘हदीस’ नव्हे. धातू एकच असल्याने नवख्या वाचकाची गल्लत होते.) जे पूर्वी नव्हते आणि नंतर अस्तित्वात आले, ते हादिस. ज्याच्या अस्तित्वाला आरंभ नाही, ते कदीम. आता इमामांची मांडणी पाहा :

१. जे जे हादिस आहे, त्याला कारण असते.
२. विश्व हादिस आहे.
३. म्हणून विश्वाला कारण आहे. (१ व २ वरून)

फरक एका पदाचा आहे, पण सारा वाद त्याच पदावर फिरतो. ‘प्रत्येक गोष्टीला’ असे म्हटले की त्या ओळीतून अल्लाहही सुटत नाही आणि मित्राचा प्रश्न रास्त ठरतो. ‘जे हादिस आहे त्याला’ असे म्हटले की कदीम अस्तित्वाविषयी ती ओळ काहीच सांगत नाही. ही गल्लत केवळ वसतिगृहातील मुलांची नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ सालच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात आदिकारणाचा युक्तिवाद ‘सर्वालाच कारण असते’ याच रूपात घेऊन तो मोडीत काढला. तो मोडला हे खरे. मात्र इमाम गझालींच्या पानावर तो युक्तिवाद नाही.

येथे दुसरा एक नियम लक्षात ठेवावा : एका अर्थासाठी सर्व ओळींत एकच शब्द. पहिल्या ओळीत ‘हादिस’, दुसरीत ‘नश्वर’, तिसरीत ‘निर्मित’ असे लिहिले, तर ललित गद्याला शोभा येईल, पण दोन विधानांना जोडणारा दुवा तुटेल. ‘निर्मित’ लिहिणे तर अधिकच घातक, कारण निर्मिताला निर्माता असतो हे त्या शब्दातच दडलेले आहे. जे सिद्ध करावयाचे तेच आधारात गृहीत धरल्यासारखे ते होते.

आता दुसरे विधान. विश्व हादिस आहे हे कशावरून? प्रमाण रूपाचा खरा उपयोग येथे सुरू होतो, कारण एका युक्तिवादातील आधारविधान हा दुसऱ्या युक्तिवादाचा निष्कर्ष असू शकतो. इमाम म्हणतात की विश्व म्हणजे पदार्थ आणि त्यांचे गुणधर्म. ही व्याख्या आहे, तिला क्रमांक नको. पुढची मांडणी अशी होते :

१. प्रत्येक पदार्थ सदैव एक तर गतीत असतो किंवा स्थिर असतो.
२. गती आणि स्थिरता या दोन्ही अवस्था हादिस आहेत.
३. म्हणून कोणताही पदार्थ हादिस अवस्थांवाचून कधीच नसतो. (१ व २ वरून)
४. जे हादिस अवस्थांवाचून कधीच नसते, ते स्वतः हादिस असते.
५. म्हणून प्रत्येक पदार्थ हादिस आहे. (३ व ४ वरून)

चौथी ओळ पुन्हा वाचा. प्रथमदर्शनी ती निर्विवाद वाटते आणि बहुतेक विद्यार्थी तीवरून सरळ पुढे जातात. अशा ओळीची परीक्षा एकाच रीतीने होते : ती खोटी ठरेल अशी परिस्थिती कल्पिता येते का? येथे येते. नदीतला प्रत्येक थेंब नुकताच आलेला असतो, पण म्हणून नदी नुकतीच आलेली नसते. तसा एखादा पदार्थ अनादि असेल आणि त्याच्या अवस्था मात्र एकीमागून एक नव्याने येत असतील, मागे वळून पाहिले तर त्या मालिकेला अंतच नसेल. प्रत्येक अवस्था हादिस, पण पदार्थ कदीम! ग्रीक परंपरेतील तत्त्वज्ञांचे आकाशस्थ गोलांविषयीचे मत जवळपास असेच होते. म्हणजे चौथ्या ओळीखाली एक न बोललेले विधान दडलेले आहे : घटनांची मालिका मागच्या दिशेने अनंत असू शकत नाही. हे विधान शोधून, स्वतंत्र क्रमांक देऊन कागदावर आणणे हे या कामातले सर्वांत मोलाचे पाऊल. ज्याने ते लिहिले नाही, त्याला पुढची पाने इमामांनी का लिहिली हेच कळणार नाही, कारण त्या पानांत ते याच विधानाचे समर्थन करीत आहेत.

ते समर्थन ‘समजा’पासून सुरू होते. समजा, आकाशातील फेऱ्यांना आरंभ नाही. शनी सुमारे ३० वर्षांत एक फेरी करतो. त्या काळच्या ज्योतिषानुसार सूर्य वर्षात एक करतो. (कोण कोणाभोवती फिरते यावर युक्तिवाद अवलंबून नाही, फेऱ्या मोजता आल्या की पुरे.) मग भूतकाळात दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या, आणि तरीही शनीच्या फेऱ्या सूर्याच्या फेऱ्यांच्या एक-तिसांश! एक अनंत दुसऱ्या अनंताहून लहान कसे असेल? हे अशक्य, म्हणून आरंभीचे ‘समजा’ चुकीचे.

अशा ठिकाणी ‘समजा’ची ओळ ठळक वेगळी ठेवावी. आमच्या वर्गात एकीने ‘आकाशातील फेऱ्यांना आरंभ नाही’ हे इमामांचे स्वतःचे मत म्हणून लिहून आणले होते. जे खोडून काढावयाचे, तेच त्यांच्या पदरी बांधले गेले.

आणि येथेही एक मूक विधान आहे : दोन अनंतांत लहानमोठेपणा संभवत नाही, आणि अंश पूर्णाहून नेहमी लहान असतो. इब्न रुश्द (मृत्यू इ.स. ११९८) यांनी ‘तहाफुत अत्-तहाफुत’ या ग्रंथात याच जागी बोट ठेवले. होऊन गेलेल्या फेऱ्या एकत्र अस्तित्वात नाहीतच, मग त्यांची बेरीज आणि तुलना कसली, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी अनंत समूहांचे गणित उभे केले. त्यात वर्षांचा समूह आणि दर तिसाव्या वर्षाचा समूह यांत एकास एक जोडी लागते, म्हणून दोन्ही समसंख्य ठरतात. उलट, गणितात जे संभवते ते प्रत्यक्षात घडून गेलेल्या घटनांनाही लागू पडते का, असा प्रतिप्रश्न इमामांच्या बाजूने आजही केला जातो. माझ्या मते शनीच्या फेऱ्यांचा हा दाखला त्यांच्या समर्थनातील सर्वांत दुबळा भाग आहे. अनंत मालिका संपून आजचा दिवस उगवला तरी कसा, हा त्यांचा दुसरा मुद्दा अधिक बळकट वाटतो. आपले मत वेगळे असू शकेल, पण मतभेद कोणत्या ओळीवर आहे हे तरी आता आपल्याला बोट ठेवून दाखवता येईल.

मुलाची शेवटची वही पाहताना मला आनंद झाला तो एका खोडलेल्या शब्दाचा. मूळ युक्तिवादाच्या तिसऱ्या ओळीत त्याने पुन्हा ‘अल्लाह’ लिहिले होते, मग त्यावर रेघ मारून ‘विश्वाला कारण आहे’ एवढेच ठेवले होते. इमामांनीही तेथे तितकेच ठेवले आहे. ते कारण कदीम आहे, हा त्यांच्या ग्रंथातील पुढचा, स्वतंत्र दावा : तेही हादिस असते तर त्यालाही कारण लागले असते, मग त्या कारणालाही, आणि ही साखळी कोठेतरी कदीमपाशी थांबल्यावाचून गत्यंतर नाही. एकत्व, ज्ञान, सामर्थ्य यांची सिद्धता त्यानंतर एकेक करून येते, प्रत्येकीची आधारविधाने वेगळी.

मित्राला काय सांगितलेस, असे मी विचारले. “काही नाही,” तो म्हणाला, “त्याला पहिली ओळ लिहून दाखवली आणि विचारले, तू हीच खोडलीस का?”