ठसा फोनमध्येच, पैसे दुकानदाराकडे

समजा, नांदुऱ्याच्या उंच हनुमान मूर्तीजवळ तुम्ही नारळ-प्रसाद घेतला, १२० रुपये झाले आणि समोर क्यूआर कोड आहे. आज पिन न टाकता बोटाने पैसे द्यायचे. १ ते ४ पायऱ्या घरीच, निवांत बसून करून घ्या.

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणाकोणाची बोटं नोंदवली आहेत ते पाहा. पोराचं बोट असेल तर काढून टाका. फोनला फक्त 'नोंदवलेलं बोट' कळतं, ते कोणाचं हे कळत नाही.

२. यूपीआय अ‍ॅप अपडेट करा. ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली, जुन्या अ‍ॅपमध्ये ती दिसणार नाही.

३. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये बायोमेट्रिकने पैसे देण्याचा पर्याय चालू करा. इथे बरेच जण फसतात: अ‍ॅपला बोटाचं कुलूप लावण्याचा पर्याय वेगळा. त्याने अ‍ॅप उघडतं, पैसे देताना पिन लागतोच.

४. विचारला की यूपीआय पिन टाका. आता फोन किल्ल्यांची जोडी बनवतो. खासगी किल्ली फोनच्या सुरक्षित भागात बंद राहते, तिची जोडीदार पडताळणीसाठी बाहेर जाते. तुमचा ठसा जात नाही.

५. दुकानात क्यूआर स्कॅन करा.

६. दुकानाचं नाव वाचा. चुकीच्या माणसाला पैसे जात असले तरी बोट काही अडवणार नाही.

७. १२० टाका. सुरुवातीला या सोयीची मर्यादा एका व्यवहाराला ५,००० रुपये ठेवली आहे. त्यावरच्या रकमेला पिनच.

८. बोट टेकवा. फोन ठसा स्वतःच ताडून पाहतो. जुळला, तरच खासगी किल्ली मोकळी होते आणि या एकाच व्यवहारावर डिजिटल सही करते. बाहेर जाते ती फक्त सही, आणि जोडीदार किल्लीने ती खरी की खोटी ते तपासलं जातं. पुढच्या खरेदीला सही नवी, त्यामुळे आजची कोणी पळवली तरी उद्या चालत नाही.

चेहऱ्याचंही असंच. मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चेहरा नुसत्या समोरच्या कॅमेऱ्याने ओळखला जातो. त्याने स्क्रीन उघडेल, किल्ली नाही. अशा फोनवर बोटच वापरा.

९. ठसा जुळला नाही तर बोट पुसून पुन्हा टेकवा. नारळाचं पाणी लागलेलं बोट बऱ्याचदा नाकारलं जातं. तरीही जमलं नाही तर पिन टाका.

१०. नंतर कधी नवं बोट नोंदवलंत आणि बोटाने पैसे जाईनासे झाले, तर घाबरू नका. दुसऱ्या कोणी गुपचूप आपलं बोट घुसवू नये म्हणून जुनी किल्ली बाद होते. पायरी ३ पासून पुन्हा करा.

एक फरक नीट ध्यानात ठेवा. बँक मित्राकडच्या आधार मशीनवर अंगठा लावता, तेव्हा ठशाची माहिती कूटबद्ध होऊन आधारच्या यंत्रणेकडे पडताळणीला जाते. यूपीआयच्या या पद्धतीत तसं काही नाही. म्हणून यूपीआयचे पैसे देताना कोणी स्वतःच्या मशीनवर किंवा फोनवर बोट ठेवायला सांगितलं, तर सरळ नाही म्हणा.