अर्ध्या मिनिटात वाचली जाणारी शीट

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोकणातल्या उतारावर एका शाळेचं डिझाइन केलं आहे. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, दोन व्ह्यू, साइट प्लॅन, कन्सेप्टची स्केचेस आणि माहिती, हे सगळं ए-१ आकाराच्या एकाच शीटवर बसवायचं आहे. परीक्षक एका शीटसमोर जेमतेम अर्धा मिनिट थांबतात, असं सीनियर सांगतात. तेवढ्यात प्रोजेक्ट कळावा यासाठी मांडणी कशी करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अर्ध्या मिनिटात पाहणारा एक मोठं चित्र पाहतो, एखाद-दुसरं वाक्य वाचतो आणि दोन्हींचा मेळ बसतोय का ते तपासतो. बाकीची चित्रं त्याच्या नजरेच्या कडेला असतात. मेळ बसला तर तो थांबतो आणि मग ती पाहतो. म्हणून शीटची सुरुवात कॉम्प्युटरवर करू नका, आधी कागदावर ते वाक्य लिहा. तुमच्या शाळेबद्दल ते असं असू शकेल : ‘डोंगर न कापता शाळा चार टप्प्यांत उतरते, आणि मधल्या तीन अंगणांतून पावसाचं पाणी वाहून जातं.’ वीस शब्दांच्या आत बसेल एवढंच ठेवा. ‘निसर्गाशी संवाद’ किंवा ‘शिकण्याचा आनंद’ असलं वाक्य कुठल्याही शाळेला लागू पडतं, त्यामुळे त्यावरून पुढचा निर्णय घेता येत नाही.

पुढचा निर्णय म्हणजे, हे वाक्य कोणतं ड्रॉइंग सिद्ध करतं? उतार, टप्पे आणि पाणी या तिन्ही गोष्टी उभ्या दिशेच्या आहेत, म्हणजे उत्तर लांबीचा सेक्शन. मुंबईतली चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत आठवा. तिथे एकात एक गुंतलेल्या घरांच्या पातळ्या आणि कोपऱ्यातल्या दुप्पट उंचीच्या गच्च्या एका मजल्याच्या प्लॅनवरून उमगत नाहीत, सेक्शन पाहिला की लगेच उलगडतात. याउलट तुमची शाळा सपाट जागेवर एका मोठ्या चौकाभोवती असती, तर मी मुख्य जागा बिनदिक्कत प्लॅनला दिली असती. बहुतेक विद्यार्थी ती सवयीने रेंडर केलेल्या व्ह्यूला देतात. व्ह्यूवरून इमारत कशी दिसेल ते कळतं, ती तशी का आहे ते फार क्वचित कळतं.

आता मोजमाप. आडवी ए-१ शीट ८४१ × ५९४ मिलिमीटरची असते. चारी बाजूंना २० मिमी मार्जिन सोडलं की ८०१ × ५५४ उरतात. त्या रुंदीत १२६ मिमीचे सहा उभे कॉलम आणि त्यांच्यामध्ये ९ मिमीच्या फटी बरोबर बसतात. डावीकडचे चार कॉलम मिळून ५३१ मिमी होतात. तुमची शाळा ४८ मीटर लांब आहे असं धरू. १:१०० ला ती ४८० मिमी भरते आणि दोन्ही बाजूंना थोडी जमीन दाखवायला जागा राहते. उतार सहा मीटरचा, त्यावर इमारत, झाडं आणि खालची माती मिळून सेक्शनला साधारण १८० मिमी उंची लागेल. त्याच्या बरोबर खाली, त्याच स्केलला, प्लॅन ठेवा. सेक्शनमधली प्रत्येक भिंत सरळ खाली उतरवली की प्लॅनमधल्या त्याच भिंतीवर आली पाहिजे. एवढं साधलं की वर्ग कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं हे पाहणाऱ्याला शोधावं लागत नाही. हाच सेक्शन १:१०० आणि प्लॅन १:१५० ला, शीटच्या दोन टोकांना ठेवला, तर त्याचा अर्धा वेळ दोन्हींची सांगड घालण्यातच जाईल.

उतार डावीकडून उजवीकडे उतरता दाखवा, म्हणजे नजर ज्या दिशेने वाचते त्याच दिशेने पाणी वाहील. त्यामुळे प्लॅनमध्ये उत्तर दिशा वर येणार नसेल तर नाही आली तरी चालेल. मात्र साइट प्लॅनही तसाच फिरवा. एका शीटवर दोन प्लॅन दोन दिशांना तोंड करून असले की चांगला जाणकारही गोंधळतो.

उजवीकडचे दोन कॉलम बाकीच्यांसाठी. वर ते वाक्य, खाली एकच व्ह्यू, त्याखाली साइट प्लॅन आणि थोडी माहिती. दुसरा व्ह्यू आणि एलिव्हेशन मी काढून टाकेन. शाळेची बाहेरची उंची सेक्शनमध्ये दिसतेच आहे. परीक्षेच्या नियमात एलिव्हेशन सक्तीचं असेल तर ते तळाच्या पट्टीत लहान करून ठेवा. व्ह्यू मधल्या अंगणात उभं राहून घेतलेला असू द्या आणि तो कुठून घेतला ती जागा सेक्शनमध्ये छोट्या बाणाने दाखवा.

एवढं करूनही सेक्शन मागे पडतो तो बहुधा रेघांमुळे. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असल्या की दुरून राखाडी पट्टा दिसतो. कापलेली जमीन ०.७ मिमी, कापलेल्या भिंती आणि छप्पर ०.५, मागे दिसणारं ०.२५ आणि कौलांचं हॅचिंग ०.१३ एवढा फरक ठेवा. जमीन भरीव गडद केली तर चार टप्प्यांची नक्षी लांबूनच ओळखू येते. रंग एकच वापरा आणि तो पाण्याला द्या. सेक्शन, प्लॅन आणि साइट प्लॅन तिन्हींत पाण्याची वाट त्याच निळ्याने काढली की तीन चित्रं एकच गोष्ट सांगू लागतात. म्हणूनच व्ह्यूमधलं आकाश भडक निळं नको. ते फिकट करा, नाहीतर नजर आधी तिथेच जाईल.

मुख्य वाक्याची अक्षरं दहा मिमीपेक्षा लहान नकोत, दोन मीटरवरून ती विनासायास वाचता येतात. बारीक माहिती जवळ येणाऱ्यासाठी असते, तिथे चार मिमी पुरे. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना भिडतात, म्हणून इंग्रजीपेक्षा ओळींमध्ये अंतर जास्त सोडा. आणि लेखी स्केलसोबत स्केलची पट्टीही काढा. छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय चुकून निवडला गेला तर १:१०० खोटं ठरतं, पट्टी मात्र ड्रॉइंगसोबतच लहान होते.

स्क्रीनवर पाहून शीट कधीही पक्की करू नका, कारण तिथे आपण सतत झूम करत असतो. ती ए-४ वर छापा आणि हात लांब करून धरा. ए-१ ची बाजू ए-४ च्या २.८३ पट असते, त्यामुळे ६५ सेंटिमीटरवर धरलेला ए-४ डोळ्याला जवळजवळ तेवढाच दिसतो, जेवढी १.८ मीटरवरची ए-१ शीट. ज्यूरीतलं अंतर साधारण हेच. रेघांच्या बाबतीत ही चाचणी थोडी कडक आहे, कारण ०.१३ ची रेघ ए-४ वर ०.०५ होते आणि प्रिंटर ती कधीकधी छापतच नाही. म्हणून हॅचिंग पुसट झालं तर घाबरू नका, पण जमीन, छपरं आणि निळी वाट ठळक दिसलीच पाहिजे.

मग तो कागद प्रोजेक्टबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला अर्धा मिनिट दाखवा, काढून घ्या आणि काय पाहिलं ते विचारा. ‘उतरती शाळा, मधून पाणी’ असं काही उत्तर आलं तर शीट छापायला द्या. ‘छान झाडं होती’ असं आलं तर व्ह्यू लहान किंवा फिकट करा. ‘पुष्कळ काही होतं’ असं आलं तर आकार बदलत बसू नका, एक चित्र काढून टाका आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. पहिल्याला आता उत्तर माहीत झालेलं असतं.