मंचरचा नंबर न्यू जर्सीत लागावा म्हणून

मंचरहून कोणी मुलाकडे अमेरिकेला निघालं की तयारी असते ती पासपोर्टची, औषधांची आणि मसाल्याच्या डब्यांची. फोनमधले नंबर मात्र जसेच्या तसे, दहा आकडी, सोबत जातात आणि गोंधळ तिथेच होतो. दहा आकडी नंबर हा अर्धा पत्ता असतो. तो कोणत्या देशातला, हे कॉल जोडणारं नेटवर्क स्वतःच्या समजुतीने ठरवतं. अमेरिकेतले नंबरही दहा आकडीच. 973 हा न्यू जर्सीतल्या एका भागाचा कोड आहे आणि आपल्याकडेही 973 ने सुरू होणारे मोबाइल आहेत. तिथलं सिम घालून असा नंबर लावला, तर घरच्यांऐवजी तिथलाच कोणी अनोळखी माणूस फोन उचलू शकतो. यावर बरेच जण 0091 लावून ठेवतात. ते दुबईत चालतं, अमेरिकेत नाही, कारण तिथून बाहेरदेशी फोन लावायचा तर आधी 011 लागतं. प्लस हे चिन्ह मात्र कोणत्याही देशात चालतं. त्या जागी तिथला योग्य आकडा नेटवर्कच घालतं.

म्हणून मोबाइल नंबर +91 आणि पुढे दहा आकडे, असा ठेवावा. शून्याचं बटण दाबून धरलं की प्लस उमटतो. घरच्या लँडलाइनला जास्त जपावं लागतं. मंचरचा कोड 02133. त्यातला पहिला शून्य फक्त देशातल्या देशात लावायचा, म्हणून नंबर होतो +91 2133 आणि पुढचे सहा आकडे. शून्य तसाच राहिला, तर प्लस लावूनही फोन लागेलच असं नाही.

काही जण म्हणतात, आमचा तर रोमिंगवर प्लसशिवाय लागला. खरं असेल. काही रोमिंगमध्ये कॉल भारतातल्या कंपनीकडूनच जोडला जातो, आणि एसएमएसही बहुधा तिच्याच यंत्रणेतून जातो. तिला दहा आकडे कळतात. पण कॉल कोणत्या वाटेने जाणार, हे आपल्या हातात नसतं. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच: नुसता दहा आकडी नंबर ते आपण नोंदवलेल्या नंबरच्या देशातला धरतं. भारतीय नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप आहे तोवर काही अडत नाही. तिथल्या नंबरवर नवं सुरू केलं की घरची माणसं यादीतून गायब होतात. प्लस लावला तर इथल्या इथे आयएसडीचे पैसे पडतील, ही भीतीही अनाठायी आहे. भारतातल्या भारतात +91 लावला तरी कॉल देशांतर्गतच धरला जातो, म्हणून निघण्याआधी मंचरमध्येच एकेक नंबर लावून पाहता येतो.

मात्र सरसकट सगळ्यांना +91 चिकटवू नये. 112 सारखे छोटे नंबर तसेच राहू द्यावेत. बँकेचा 1800 चा नंबर परदेशातून बहुधा लागतच नाही. त्यासाठी बँकेने परदेशातल्या ग्राहकांसाठी दिलेला वेगळा नंबर आधीच शोधून जतन करावा. आणि सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल, तर प्लस तिथे काहीच करू शकत नाही.