कंपनी बदलली आणि दिवा लाल झाला

ब्रॉडबँडची कंपनी बदलणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल असेल, तर लगेच पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसू नका आणि मागच्या छिद्रात पिन घालून रिसेट तर मुळीच करू नका. तो दिवा एकच असला तरी त्याच्या मागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात, हे मला पुण्याच्या घरी फायबरची कंपनी बदलली तेव्हा नीट कळलं.

फायबरचा राउटर माझ्या मालकीचा होता, म्हणून नव्या कंपनीने तोच ठेवला. टेक्निशियनने फायबर जोडली, राउटरचा सिरीयल नंबर आपल्या ऑफिसला कळवला, नवं युजरनेम-पासवर्ड भरलं आणि “काका, दहा मिनिटांत चालू होईल” म्हणून गेला. संध्याकाळपर्यंत इंटरनेटचा दिवा लालच राहिला. कस्टमर केअरला फोन केला की दर वेळी एकच सल्ला मिळे: रिसेट करा.

अशा वेळी आधी बाकीचे दिवे बघावेत. LOS लाल असेल, तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही. फायबर तुटलेली, फार वाकलेली किंवा तिचं टोक नीट न बसलेलं असतं. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, आणि फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नसतं. माझ्याकडे LOS विझलेला होता आणि PON स्थिर हिरवा. राउटरच्या पानावर येणारा प्रकाश उणे 21 डीबीएम दिसत होता. साधारण उणे 27 च्या पलीकडे गेला की काळजी करायची. म्हणजे लाइन ठीक होती, अडचण तिच्यानंतर होती.

मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडून मी WAN चं पान पाहिलं. जोडणीचा प्रकार PPPoE होता, युजरनेम नवं होतं, पण VLAN ID च्या रकान्यात जुन्या कंपनीचा 100 तसाच होता. राउटरच्या लॉगमध्ये हे दिसत होतं:

```
Timeout waiting for PADO packets
```

याचा अर्थ राउटर हाका मारतोय आणि पलीकडून उत्तरच येत नाही. पासवर्ड तपासण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. बँकेत चुकीच्या खिडकीपुढे उभं राहिलं, तर पासबुक बरोबर असूनही काम होत नाही, तसंच हे. VLAN क्रमांक म्हणजे ती खिडकी, आणि प्रत्येक कंपनी तो आपापला ठरवते. तो अंदाजाने सापडत नाही, विचारावाच लागतो. माझा नवा क्रमांक निघाला 1203. जुनी WAN नोंद पुसून नव्या क्रमांकाने नवी केली, सेव्ह केलं, राउटर बंद करून सुरू केला.

दिवा तरीही लाल! पण लॉग बदलला होता:

```
PAP authentication failed
```

इथे बरेच जण निराश होतात, पण ही खरं तर प्रगती असते. आता समोरून उत्तर येत होतं, फक्त ओळख पटत नव्हती. मला एसएमएसने आलेला पासवर्ड कंपनीच्या बिल भरायच्या पोर्टलचा होता. जोडणीचा पासवर्ड वेगळा होता. युजरनेमही @ च्या पुढच्या भागासकट हवं होतं, आणि टेक्निशियनने ते अर्धंच भरलं होतं. दोन्ही दुरुस्त केल्यावर दिवा हिरवा झाला. लॉगिन अक्षरशः बरोबर असूनही हीच ओळ येत राहिली, तर खातं सुरू झालंय का आणि ते जुन्या एखाद्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधलेलं नाही ना, हे कंपनीलाच बघावं लागतं.

रिसेटला मी इतका विरोध का करतो, तेही यातून कळेल. रिसेट केल्यावर VLAN, लॉगिन, वायफायचं नाव सगळं पुसलं जातं, आणि अपुरी माहिती पुन्हा भरली की दिवा पुन्हा लालच होतो. करावाच लागला, तर आधी WAN च्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

टेक्निशियन घरात असतानाच चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: जोडणीचा प्रकार PPPoE की DHCP, VLAN क्रमांक, पूर्ण युजरनेम, आणि जोडणीचा पासवर्ड. प्रकार DHCP असेल, तर बहुधा लॉगिन लागतच नाही. आणि फोन करावा लागला, तर “नेट बंद आहे” एवढंच सांगू नका. “PON हिरवा आहे, LOS विझलेला आहे, PPPoE ला उत्तर येत नाही, माझा VLAN तपासा” असं सांगा. रिसेटचा सल्ला देणाऱ्याला मग तुमचा फोन नेटवर्क विभागाकडे द्यावाच लागतो.