उलाढाल वाढली की नफा वाढतो? एफ अँड ओमध्ये नेमकं उलटं होतं

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न होता, "सर, दुकानाचं भांडवल जमेपर्यंत ऑप्शनमध्ये रोज हजार-पाचशे काढता येतील का?" व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं होतं, इथे पूर्ण हिशोब मांडतो. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि आकडे स्वतः ताडून बघा.

आधी एक गोष्ट. आपण दुकानदार मंडळी उलाढालीच्या भाषेत विचार करतो. माल जितक्या वेळा फिरेल तितका गल्ला भरतो, कारण प्रत्येक फेरीत आपलं मार्जिन आधीच बसलेलं असतं. बिस्किटाचा पुडा विकला की त्यात दहा-बारा टक्के आपले. पुडा दहा वेळा फिरला तर मार्जिन दहा वेळा मिळालं. ही सवय घेऊन माणूस ट्रेडिंगमध्ये उतरतो आणि त्याला वाटतं की दिवसाला एक सौदा करून शंभर मिळत असतील तर पाच सौदे करून पाचशे मिळतील.

पण फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये सौद्याच्या आत मार्जिन बसवलेलं नसतं. तुम्हाला जे मिळतं ते समोरच्या कुणाचं तरी गेलेलं असतं. खर्च धरायच्या आधी सगळ्यांचा नफा आणि सगळ्यांचा तोटा मिळवला तर बेरीज शून्य येते. त्या शून्यातून ब्रोकर, एक्सचेंज आणि सरकार आपापला वाटा काढून घेतात, आणि तो प्रत्येक सौद्याला काढतात. म्हणजे फेरी वाढली की पक्का वाढतो तो फक्त खर्च.

आता एक सौदा घेऊ. २०२५ मधले दर धरतो. त्या वर्षी निफ्टीचा एक लॉट ७५ चा होता. दर आणि लॉट मधूनमधून बदलतात, त्यामुळे तुमचा हिशोब करताना ब्रोकरच्या साइटवरचे ताजे दर घ्या. निफ्टीचा एक ऑप्शन ₹१०० प्रीमियमला घेतला, म्हणजे ७५ × १०० = ₹७,५०० गुंतवले. थोड्या वेळाने भाव ₹१०२ झाला आणि विकला, ₹७,६५० आले. मोबाईलच्या स्क्रीनवर हिरव्या रंगात दिसतं: ₹१५० नफा. बहुतेक ब्रोकरच्या ॲपवर पोझिशनसमोर दिसणारा हा आकडा खर्च वजा न करता असतो, हे लक्षात ठेवा.

खर्चाची पावती अशी. ब्रोकरेज प्रत्येक ऑर्डरला ₹२०, घेताना एक आणि विकताना एक, म्हणून ₹४०. एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, ऑप्शन विकताना प्रीमियमच्या ०.१ टक्का, इथे सुमारे ₹७.६५. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला, त्याआधी तो ०.०६२५ टक्के होता. एक्सचेंजचं शुल्क दोन्ही बाजू मिळून साधारण ₹५.३०. स्टॅम्प ड्युटी आणि सेबीचं शुल्क मिळून २५ पैशांच्या आसपास, ते सोडून द्या. ब्रोकरेज आणि एक्सचेंज शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ₹८.१५. एकूण ₹६१.

₹१५० मधले ₹६१ गेले. हातात आले ₹८९.

यात एक खर्च अजून धरलेला नाही, कारण तो कुठल्याच पावतीवर छापून येत नाही. बाजारात घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव एक नसतो. जुन्या सोन्याचं बघा ना, सराफ विकतो एका भावाने आणि घेतो दुसऱ्या. तुम्ही घाईत 'मार्केट' ऑर्डर टाकता तेव्हा स्क्रीनवरच्या भावापेक्षा थोडं महाग मिळतं आणि विकताना थोडं स्वस्तात जातं. ट्रेडर याला स्लिपेज म्हणतात. मी एका बाजूला २५ पैसे धरतो. निफ्टीच्या चालू भावाजवळच्या ऑप्शनमध्ये कधी कमी लागेल, पण बाजार पळत असताना किंवा एखाद्या शेअरच्या ऑप्शनमध्ये बराच जास्त लागू शकतो. दोन बाजू मिळून ५० पैसे, ७५ ने गुणा: ₹३७.५०. म्हणजे एका फेरीचा खरा खर्च सुमारे ₹९९.

एका सौद्याला ₹९९ ऐकून कुणी घाबरत नाही. चहा-नाश्त्याचे पैसे. गडबड होते ती महिन्याच्या बेरजेत.

समजा मोबाईल रिपेअरिंग करणारा एक तरुण आहे, त्याने ₹५०,००० बाजूला काढलेत. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा तो दिवसाला पाच सौदे करतो. महिन्यात बाजाराचे २० दिवस धरले तर १०० सौदे. खर्च ९९ × १०० = ₹९,९००. म्हणजे भांडवलाच्या जवळजवळ २० टक्के, दर महिन्याला! वर्षाचे होतात ₹१,१८,८००, भांडवलाच्या दुपटीहून जास्त. एखाद्या दुकानाचं भाडं दर महिन्याला एकूण भांडवलाच्या पाचव्या भागाइतकं असेल तर तुम्ही तो गाळा घ्याल का?

"पण सर, माझे अंदाज बरोबर येतात." ठीक आहे, तेही धरू. हा तरुण प्रत्येक सौद्यात १० रुपयांवर नफा घेतो आणि १० रुपयांवर तोटा कापतो, म्हणजे अधिक ₹७५० किंवा उणे ₹७५०. त्याचे १०० पैकी ५५ अंदाज बरोबर येतात. हे खरंच चांगलं प्रमाण आहे, सातत्याने टिकवणं सोपं नाही. ५५ जिंकले, ४५ हरले, फरक १० सौद्यांचा, म्हणून खर्चाआधी नफा ₹७,५००. खर्च ₹९,९००. महिन्याच्या शेवटी हा माणूस ₹२,४०० तोट्यात आहे. बाजार त्याला बऱ्यापैकी कळतो, तरीही.

नुसतं बरोबरीत सुटायला त्याला १०० पैकी साधारण ५७ वेळा बरोबर यावं लागतं. आता बरेच जण म्हणतात, "मी मोठी हाव धरत नाही, छोटा-छोटा नफा घेतो." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आकडे बघा. १० ऐवजी ५ रुपयांवर नफा-तोटा कापला तर बरोबरीसाठी १०० पैकी ६३ वेळा बरोबर यायला हवं. २ रुपयांवर कापला तर ८३ वेळा! कारण खर्च तेवढाच राहतो, नफ्याचा तुकडा मात्र लहान होतो. किराण्यात कमी मार्जिन आणि जास्त फेऱ्या हे गणित चालतं, इथे तेच गणित खड्ड्यात नेतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. ब्रोकरेज ऑर्डरमागे ठरलेलं असल्यामुळे त्याचा भार सगळ्यात जास्त लहान माणसावर पडतो. वरच्याच सौद्यात एक लॉट घेणाऱ्याला पावतीवरचा खर्च एका नगामागे सुमारे ८२ पैसे पडतो. तोच सौदा दहा लॉटचा केला तर २५ पैसे. घाऊक आणि किरकोळसारखाच प्रकार, फक्त इथे दोघेही एकाच काउंटरवर, एकाच भावात एकमेकांशी लढतायत. यावर "मग मी दहा लॉट घेतो" असं म्हणू नका. ₹५०,००० वाल्याने दहा लॉट म्हणजे ₹७५,००० चा माल घ्यायचा कुठून, आणि घेतलाच तर दोन-चार उलटे सौदे त्याला संपवायला पुरतात.

समोर कोण बसलंय हेही माहीत असू द्या. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोकांना एफ अँड ओमध्ये तोटा झाला, खर्चासकट सरासरी सुमारे दोन लाख रुपये प्रत्येकी. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त १ टक्का. २०२३-२४ या एका वर्षात वैयक्तिक ट्रेडरने नुसत्या खर्चापोटी सरासरी ₹२६,००० दिले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या ब्रोकिंग कंपन्या आणि परदेशी संस्था मिळून, खर्च धरायच्या आधी, साठ हजार कोटींच्या वर नफ्यात होत्या. त्यांच्या नफ्याचा बहुतेक भाग संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांमधून आला होता. ते पंख्याखाली बसून चार्ट बघत नाहीत.

कुणी म्हणेल, ऑप्शन नको, फ्युचर्स करतो. तिथे एसटीटी पूर्ण काँट्रॅक्टच्या किमतीवर लागतो. निफ्टी २५,००० धरला तर एका लॉटची किंमत ₹१८.७५ लाख, आणि २०२५ च्या दराने एका फेरीचा पावतीवरचा खर्च साधारण ₹५४०. ऑप्शनमध्ये वेळ जाईल तसा प्रीमियम झिजतो, ती झीज फ्युचर्समध्ये नसते हे खरं. पण एका उलट्या दिवसात किती जाईल याला छत नसतं.

हा सगळा हिशोब वारंवार सौदे करणाऱ्याचा आहे. हातातल्या शेअरचं संरक्षण म्हणून वर्षातून एक-दोनदा ऑप्शन घेणाऱ्यालाही खर्च लागतो, पण तो विम्याच्या हप्त्यासारखा, मोजून दिलेला असतो.

तुम्ही आधीपासून करत असाल तर आज रात्री एवढं करा. ब्रोकरच्या साइटवर लॉगिन करून मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचा एफ अँड ओचा नफा-तोटा रिपोर्ट काढा. त्यात खर्चाआधीचा नफा-तोटा वेगळा आणि सगळे चार्जेस वेगळे दिसतात. वहीत तीन आकडे लिहा: खर्चाआधीचा नफा-तोटा, एकूण चार्जेस, आणि वर्षभरात बँकेतून ट्रेडिंग खात्यात टाकलेले पैसे वजा परत काढलेले पैसे. तिसरा आकडा महत्त्वाचा, कारण मधूनमधून टाकलेले पाच-पाच हजार कुणाच्या लक्षात राहत नाहीत. चार्जेसला भांडवलाने भागा. रोज सौदे करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हा आकडा पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही. रोज ईमेलवर येणारी काँट्रॅक्ट नोटही उघडून बघा, प्रत्येक दिवसाचा खर्च त्यात खाली लिहिलेला असतो.

आणि दुकान असेल तर हा रिपोर्ट सीएला द्याच. आयकरात एफ अँड ओचा नफा-तोटा व्यवसायाचा धरला जातो, त्यामुळे तोटा झाला असला तरी तो रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. मुदतीत रिटर्न भरलं तर उरलेला तोटा पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो.